साखळीतला मोकळा हात

मावशी सगळ्यांना एकेरीत हाक मारायच्या. डोंबिवलीच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवत असे, तिथे त्या शिपाई होत्या. पहिलीतलं पोर असो नाहीतर मुख्याध्यापिका, सगळ्यांना ‘तू’. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना त्या म्हणाल्या, “तू बस, मी चहा आणते.” मुख्याध्यापिकांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. नंतर मी मावशींना समजावायला गेले, तर म्हणाल्या, “आमच्यात देवाला बी तूच म्हणतात. ह्यो देवाहून मोठा हाये का?” मुलांनी त्यांचं नाव तूमावशी ठेवलं आणि तेच राहिलं.

त्या वारली समाजातल्या. गाव जव्हारच्याही पलीकडचा एक पाडा. राहायला जवळच्याच दिवा स्टेशनला, चाळीतल्या एका खोलीत. नवरा पाड्यावर शेती बघतो, असं त्या सांगायच्या. गळ्यात काळी पोत, कपाळावर टिकली. त्यापुढे कोणी काही विचारलं नाही, मीही नाही.

माझ्या वर्गात एक मोठा फोटो लावलेला होता. सहलीला गेले असताना त्याच भागातल्या एका घराची भिंत मी टिपली होती. कुडाची, गेरूने सारवलेली, आणि त्यावर पांढरी चित्रं. तो दाखवून मी दरवर्षी तेच शिकवायचे, की वर्तुळ सूर्यचंद्रावरून आलं, त्रिकोण डोंगरावरून आणि झाडाच्या शेंड्यावरून, आणि दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस. एकदा मावशी फळा पुसता पुसता थांबल्या. “तुझं पुस्तकातलं बरोबर हाये,” म्हणाल्या, “पण ही माणसं काय करतात ते तू कुठे सांगितलंस?”

मग त्या फोटोपुढे उभ्या राहिल्या आणि ओल्या बोटाने एकेक दाखवत गेल्या. डोक्यामागे छोटं वर्तुळ असलं की तो अंबाडा, म्हणजे बाई. दोघी समोरासमोर वाकल्यात आणि मध्ये काठ्या आहेत, तर भात सडणं चाललंय. ताडाला चिकटलेला माणूस ताडी काढायला चढलाय, त्याच्या कमरेचं मडकं बघ. ही मोठी गोल कणगी, म्हणजे या घरात पीक आलं होतं. ठिपक्यांची ओळ म्हणजे मुंग्या. मुंग्या कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, त्या पण तिथंच राहतात ना. दोन त्रिकोण टोकावर जुळतात तिथे माणसाची कंबर, म्हणून तो नेहमी वाकलेला, हललेला, काहीतरी करत असलेला दिसतो. सगळ्या भिंतीवर हात बांधून बसलेला माणूस एकही नव्हता, आणि पाटील म्हणून दुसऱ्यांपेक्षा मोठा काढलेलाही कोणी नव्हता. मी इतकी वर्षं आकार शिकवत होते. गाव मला त्या दिवशी दिसलं.

त्याच वर्षी शाळेच्या कुंपणाची भिंत रंगवायचं ठरलं. फोटो समोर ठेवून मी खडूने आखणी केली. तारपा वाजवणारा मध्ये आणि भोवती नाचणाऱ्यांचं नीट, गोल कडं; फोटोत ते एका बाजूला सुटलेलं होतं, मी मिटवून घेतलं. मावशींनी बादली खाली ठेवली आणि पदराने त्यातली चार माणसं पुसून टाकली. कडं मिटवायचं नसतं. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून तारपेवाल्यामागे जातात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत, आणि साखळी गोगलगाईच्या पाठीसारखी फिरत बाहेर सुटते. शेवटच्या माणसाचा एक हात मोकळा राहतो. उशिरा येईल त्याने कुठे धरायचं, असं त्यांनी मलाच विचारलं.

भिंतीच्या मधोमध मी एक चौकोन आखून ठेवला होता. लग्नाच्या वेळी घरात काढतात तो चौक, आत पालघट देवी, कडेने नक्षी. तो मावशींनी काढावा अशी मुख्याध्यापिकांची हौस. सगळा स्टाफ जमला. मावशींनी कुंचला हातात घेतला, चौकोनाकडे पाहिलं आणि कुंचला परत ठेवला. जमणार नाही म्हणाल्या. मला वाटलं, भाव खातात. सगळ्यांसमोर मी बोलून गेले, “येत नसेल तर तसं सांगा, मावशी.” त्या बादली घेऊन गेल्या. ते वाक्य मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीत त्यांनी मला बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“चौक सवाशिणींनी काढायचा असतो,” त्या म्हणाल्या. “माझा नवरा जाऊन सात वर्सं झाली.”

माझी नजर त्यांच्या गळ्याकडे गेली.

“ही पोत दिव्यासाठी हाये. एकल्या बाईला खोली नाय देत. आणि देतात तर दार वाजवतात. दिव्याला खोटं सांगितलं मी. पालघटला कशी सांगू?”

हे बाहेर फुटलं असतं, तर खोली गेली असती, आणि खोलीमागून नोकरीही. मी मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितलं, की चौक लग्नाचा असतो, शाळेच्या भिंतीवर शोभणार नाही. हेही खरंच होतं. त्यांनी त्या चौकोनात ‘आजचा सुविचार’ लिहायची सोय केली. मावशी रोज सकाळी तो ओल्या फडक्याने पुसायच्या.

पुढे माझे मिस्टर गेले. सकाळी चहा घेतला आणि दुपारी ते नव्हते. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. मी खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होते. मला काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. मावशी आल्या, माझ्या पायाशी जमिनीवर बसल्या.

“रडू येत नाय ना,” त्या म्हणाल्या. “मला बी नाय आलं. त्या दिवशी पाणी आलेलं, मी हंडे भरले.”

मग त्यांनी उठून भिंतीवरचा फोटो काढला. निवृत्त झाल्यावर तो मी घरी आणला होता. माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी साखळीतल्या शेवटच्या बाईवर बोट ठेवलं. “चौकात आपल्याला नाय घेत. नाचात कोण ईचारत नाय. हात हाये तिथं, धर.” चहा न घेताच त्या गेल्या.

नंतर नोकरी संपवून मावशी पाड्यावर परतल्या. जाताना खोली सोडली, आणि कल्याणला एसटीत बसायच्या आधी पोत काढून माझ्या हातात दिली. “आता नको,” एवढंच म्हणाल्या. गेल्या महिन्यात त्यांच्या भाच्याचा फोन आला. मावशी गेल्या होत्या, दहा दिवस झाले होते. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, कुकर लावला.

चार दिवसांनी कळलं, की शाळेची भिंत नव्याने रंगवणार आहेत. मी सकाळीच गेले. ‘आजचा सुविचार’ कोराच होता. नाचाची साखळी फिकट झाली होती, तरी शेवटच्या बाईचा हात दिसत होता. पर्समधून खडू काढला आणि त्या हाताला लागून दोन त्रिकोण काढले, टोकाला टोक. वर डोकं, मागे अंबाड्याचं छोटं वर्तुळ. तिचा दुसरा हात लांब केला. मग त्या हाताशी तशीच आणखी एक काढली. वॉचमन जवळ आला आणि म्हणाला, “मॅडम, उद्या सगळं पुसणार आहेत. कशाला?”

मी म्हटलं, “दोघी राहिल्या होत्या.”

रडू तेव्हाही आलं नाही. दुसरीचा एक हात मोकळा ठेवला आणि हाताचा खडू झटकला.