मोरपंखी रेनकोट

मीटर रीडरची नोकरी लागली आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा रेनकोट घ्यायची वेळ आली. आजवर छत्रीवर भागलं होतं. आता एका हातात मशीन, दुसऱ्या हातात टॉर्च. छत्री धरायची कशाने?

दुकानदाराने काउंटरवर तीन कोट टाकले. ती तिसऱ्याकडेच बघत होती. मोरपंखी, कंबरेला पट्टा. अगदी असाच तिच्या मोठ्या जावेचा होता. तो घालून जाऊबाई बँकेत जायला स्कूटरवर बसल्या की सासूबाई खिडकीत येऊन बघत. हिच्या नोकरीची बातमी ऐकून मात्र त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं झालं."

"हाच द्या."

"पंधराशे. बजेट काय तुमचं, ताई?"

"अकराशे. काही कमी होईल का?"

"साडेबारापर्यंत येईन. पण काम काय ते तर सांगा."

तिने सांगितलं. दिवसाला दीडशे घरं, सगळी पायी.

"मग हा प्लास्टिकचा घेऊ नका. चारशेला आहे, थेंब आत येणार नाही, पण चालून चालून आतूनच भिजाल घामाने. आणि महिन्यात काखेत फाटेल. हा राखाडी बघा. नऊशे पन्नास, पँटसकट."

"राखाडी? वॉचमन दिसेन मी."

"वॉचमन कोरडा असतो, ताई."

त्याने राखाडी कोट उलटा केला. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली होती. मग मोरपंखीचं जाळीदार अस्तर वर उचललं. पट्टी फक्त खांद्यांवर होती. बाहीला, पाठीला नुसता दोरा. त्याने बाहीच्या शिवणीचा खळगा करून त्यात बाटलीतलं पाणी ओतलं. ती बघत राहिली. थोड्या वेळाने खालून एक थेंब सुटला, मग दुसरा.

"अस्तर बघून लोक भुलतात. दहा मिनिटं स्कूटरवर जायचं तर चालतो. परवा एक बँकेतल्या बाई परत करायला आल्या होत्या. वापरलेला मी कसा घेणार? शेवटी हा चारशेचा घेऊन गेल्या, आतून घालायला."

"आतून?"

"वरून मोरपंखी हवाच म्हणाल्या."

"स्कूटर पांढरी होती का हो, काका? आरशाला लाल गोंडा?"

"होता खरा. ओळखीच्या आहेत का?"

"थोड्याशा," ती म्हणाली. "राखाडीच द्या."

"एक साइज मोठा घ्या, बॅग आत मावेल."

घरी पोचल्यावर तिने कोट दाराशी लावला. मोरपंखीच्या शेजारीच, पण उलटा करून, पट्ट्या दिसतील असा. सासूबाईंनी विचारलं, "असा का गं उलटा?"

"शिवणी बघायला सोप्या, आई," ती म्हणाली, स्वयंपाकघरात जाऊबाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात. "ताईंचाही लावू का असाच?"

आतून जाऊबाईंनी घाईने उत्तर दिलं, "नको नको, राहू दे."