हिरव्या पत्र्याखालचा मसाला

आमच्या घरात फोटो काढायचा मान माझा आहे. तो मला कोणी दिला नाही, मीच घेतला. पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी खरेदी विभागात काम करतो. तुटलेल्या बेअरिंगचे, गंजलेल्या पट्ट्यांचे फोटो काढून पुरवठादारांना पाठवणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्या फोटोंची तारीफ कधी कोणी केली नाही, पण तक्रारही केली नाही. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला फोटोग्राफर समजत होतो.

तळवलीत आमचं जुनं घर पाडून तीन मजल्यांची इमारत झाली. खाली भाडेकरू, वर आम्ही. मोठ्या भावाच्या बायकोचा, म्हणजे माझ्या वहिनीचा, आगरी मसाला गावात नावाजलेला. दर उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळायच्या, धणे आणि खडा मसाला भाजला जायचा, सगळं डंकनावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, कुटून यायचं. ऐरोलीला राहणाऱ्या भाचीने हौसेने तिला एक वेबसाइट बनवून दिली. त्यावर वहिनीने स्वतः सांगून एक ओळ लिहून घेतली होती: रंग घातलेला नाही. बाकी मजकूर भाचीचा, पण ही ओळ वहिनीची. तिच्या सगळ्या व्यवसायाचा डोलारा त्या तीन शब्दांवर उभा होता, कारण बाजारात लालभडक मसाला वाट्टेल तेवढा मिळतो.

फोटो मात्र माझ्याकडे आले. भाची म्हणाली होती की कोणीतरी शिकलेला माणूस बोलवू या. मी दुखावलो. मी आठवडाभर फोनवर व्हिडिओ बघितले आणि ओट्यावर प्रकाशयोजना, पार्श्वभूमी असे शब्द वापरायला लागलो. वहिनी भाकऱ्या थापत ऐकून घ्यायची.

पहिला प्रयत्न स्वयंपाकघरात झाला. खिडकीतून उजेड येत होता आणि वरून पिवळा दिवाही चालू होता, त्यामुळे बरणीची एक बाजू निळसर आली आणि दुसरी कावीळ झाल्यासारखी. शिवाय मी फोन बरणीला जवळजवळ चिकटवला होता, म्हणून तिचं पोट सुटलं. आणि काचेत मीच दिसत होतो, आडव्या पट्ट्यांच्या टी-शर्टसकट. मसाला विकायचा होता, मला नाही.

मग मी सगळा संसार गॅलरीत हलवला. सकाळची वेळ, भरपूर उजेड, पण थेट ऊन नाही. माझ्या मते यापेक्षा चांगली जागा अख्ख्या नवी मुंबईत नव्हती. पांढरा चार्टपेपर भिंतीला चिकटवून खाली टेबलावर वळवून आणला, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची पाटी उभी केली. काळा शर्ट घातला. पुढे एका पितळी चमच्यात थोडा मसाला ठेवला. इतकं सगळं बरोबर केल्यावर माणसाला जो माज येतो तो मला आला.

मी फोन उचलणार तेवढ्यात वहिनी आली आणि काजळाच्या बोटाने बरणीवर एक काळा ठिपका लावून गेली. आता हे जगभर दिसणार, कोणाची कशी नजर असेल सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. मी हसलो. ठिपका नंतर फोनमध्येच पुसता येईल, असं मनात म्हटलं आणि फोटो काढले.

फोटो बघितले आणि चेहरा पडला. मसाला मातीसारखा दिसत होता. चार्टपेपरवरही हिरवट झाक होती. पण ती मी बघूनही बघितली नाही. मी फोनमध्ये शिरलो. आधी ठिपका पुसला. पुसायला बोट लागलंच होतं, म्हणून मग रंगाची पट्टी थोडी पुढे सरकवली. थोडी आणखी. हिरवट झाक गेली, कागद पांढरा झाला, मसाला विटेसारखा झाला, मग टोमॅटोसारखा, आणि मला खरोखरच वाटलं की आता तो खरा दिसतोय. वहिनीला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "एवरा लाल नाय तो." मी सांगितलं की स्क्रीनवर तसंच दिसतं. हे वाक्य मी कुठून आणलं देव जाणे, पण मी ते फार आत्मविश्वासाने म्हटलं. फोटो वेबसाइटवर चढला.

ऑर्डरी आल्या. मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वेबसाइट दाखवत फिरलो. स्टोअरमधल्या एकाने बायकोच्या पापडांचे फोटो काढून द्याल का विचारलं, तर मी वेळ बघून सांगतो म्हणालो. माझा वेळ तेव्हा फार मोलाचा झाला होता.

दहाएक दिवसांनी नाशिकच्या एका बाईंचा संदेश आला. सोबत त्यांनी काढलेला फोटो होता: लॅपटॉपवर आमचा लालभडक फोटो आणि त्याच्यासमोर पांढऱ्या कागदावर आमचाच एक चमचा मसाला, तपकिरीकडे झुकणारा, भाजलेल्या मिरचीचा खरा रंग. खाली दोनच वाक्यं. "एक तर फोटोतला रंग खोटा आहे, नाहीतर तुम्ही जुना माल पाठवलाय. यातलं काय ते सांगा."

भाचीने तो संदेश वहिनीला वाचून दाखवला. मी तिथेच होतो. मी लगेच ग्राहकांची मानसिकता, वेगवेगळे स्क्रीन वगैरे सुरू केलं. भाऊ म्हणाला, काजळ पुसलं म्हणून हे झालं. वहिनी मात्र आत गेली, मसाल्याची बरणी घेऊन आली आणि गॅलरीत उभी राहून ती निरखू लागली. मग वर बघितलं. गॅलरीवर भावाने पावसासाठी टाकलेला हिरवा फायबरचा पत्रा होता.

"भावजी, हिरव्या पत्र्याखाली बसून लाल काय दिसल?"

ती बरणी घेऊन गच्चीवर गेली आणि मी मागून गेलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पण उघड्या आभाळाखाली, तिने मसाला कागदावर ओतला आणि मला बघायला लावलं. तो तसाच होता जसा तो आहे. तिने मला सांगितलं की मिरची घ्यायला गेली की ती कधी दुकानात उभी राहून रंग बघत नाही. दुकानदार वर लाल ताडपत्री बांधतात, तिच्याखाली जुनी मिरचीही ताजी दिसते. ती मूठभर मिरची घेऊन रस्त्यावर येते, उघड्यावर बघते आणि मग भाव करते. पंचवीस वर्षं ती हेच करते आहे. आणि मी, पार्श्वभूमी वगैरे म्हणणारा, ताडपत्रीचा तोच प्रकार उलट्या रंगाने करून वर तो रंगाची पट्टी ओढून झाकला होता. मला लाज वाटली. ती तिथेच, गच्चीवर, कान गरम होईपर्यंत वाटली.

उत्तर काय द्यायचं यावर मी सुचवलं की माल परत घेऊ, फोटोचा विषय काढायचा नाही. वहिनीने फोन माझ्या हातात दिला आणि सांगितलं की फोटो तुम्ही काढला, तर तुम्हीच बोला. मी नाशिकला फोन लावला. मसाला ताजा आहे आणि फोटोतला रंग खोटा आहे, तो मी वाढवला, हे मी एका अनोळखी बाईंना सांगितलं. मग त्या म्हणाल्या की बरं, आमटी करून बघते. माल परत केला नाही.

दुसऱ्या दिवशी नवे फोटो काढले. टाकीच्या सावलीत तोच चार्टपेपर, तोच थर्माकोल. खाण्याचा पदार्थ ओळखून आपणहून रंग चढवायची फोनची सवय बंद केली. लेन्स पदराने पुसली, म्हणजे वहिनीने पुसली, मला ते सुचलंच नव्हतं. फोन लांब धरून दुप्पट झूम केलं, स्क्रीनवरच्या बरणीवर बोट दाबून धरलं म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच थांबतो, आणि पांढरा कागद करडा दिसत होता म्हणून उजेड किंचित वर सरकवला. एकेक फोटो झाला की वहिनी चमचाभर मसाला स्क्रीनशेजारी धरायची. जुळला तर ठेवायचा. तीसपैकी चार ठेवले. ठिपका तिने पुन्हा लावला होता, या वेळी झाकणावर, जिथे कॅमेरा पोचत नाही.

नवा फोटो साधा होता. ऑर्डरी लगेच कमी झाल्या. मी रोज बघायचो आणि रोज मनात म्हणायचो की थोडासा, अगदी थोडासा लाल केला तर कोणाला कळणार आहे. वहिनीला बोललो नाही एवढी अक्कल आली होती. महिनाभराने नाशिकच्या बाईंनी दोन किलो मागवला, मग त्यांच्या जावेने. हळूहळू परत मागवणारी माणसं वाढली.

आणि एक दिवस भाचीने मला एक लिंक पाठवली. कुठल्यातरी दुसऱ्या विक्रेत्याचा आगरी मसाला, आणि त्यावर फोटो माझा. तोच लालभडक. माझा चार्टपेपर, आमचा पितळी चमचा, ज्याचा दांडा वाकडा आहे. त्याने फक्त वर स्वतःचं नाव टाकलं होतं. माझं डोकं सणकलं. चोरी ती चोरी. मी तिथेच बसून तक्रार लिहायला घेतली, अगदी कारखान्यात पुरवठादाराला लिहितो तशी, मुद्देसूद. लिहून होत आली तशी वहिनीला वाचून दाखवायला गेलो. ती मिरच्यांचे देठ काढत बसली होती. मी शेवटच्या ओळीपर्यंत आलो, जिथे हा फोटो आमच्या मसाल्याचा आहे, तो ताबडतोब काढावा, असं लिहिलं होतं.

तिने देठ बाजूला टाकला.

"भावजी, त्या फोटोत माजा मसाला कुठं हाय?"

मी पुन्हा फोटो बघितला. बरणी आमची होती, चमचा आमचा होता. मग मी तक्रार पुसली आणि तिच्यासमोर बसून देठ काढायला लागलो.