पिवळी भिंत आणि पाक

रोज सकाळी मावशी मोबाईलच्या काचेवर थुंकून ती पदराने पुसायची आणि त्याला म्हणायची, "चल, तोंड दाखव." बेकरीत जन्म गेलेल्या या बाईने डोळ्यांपलीकडे कशावर विश्वास ठेवला नव्हता.

हॉटेलात स्वयंपाकाच्या नोकरीसाठी भाचीची आज शेवटची चाचणी होती. काल तिने मोबाईलवर पाठवलेला साखरेच्या पाकाचा फोटो पाहून मावशीने "उतरव!" म्हटलं, भाचीने पाक उतरवला आणि कस्टर्डवरचं कॅरमल जरासा कडवटपणा न येता नुसतं गोड झालं. मुख्य आचाऱ्याने चमचा बाजूला ठेवला होता. आज पुन्हा तसंच झालं, तर नोकरी हातची गेली.

आजचा फोटो आला. पाक गडद तपकिरी दिसत होता. "उतरव" हा शब्द मावशीच्या जिभेवर आला, तेवढ्यात तिला पातेल्यामागची भिंत दिसली.

तिने लगेच फोन लावला. "काय गं, तुमच्या भिंतीला कावीळ झालीय का?"

"पांढरीशुभ्र आहे, मावशी! वर पिवळा दिवा आहे."

"मग मेला फोटोच खोटा! कालही यानेच फसवलं. पाक दिसतोय तेवढा झालेला नाही. गॅस बंद कर, पांढऱ्या बशीत थेंब टाक आणि खिडकीत नेऊन फोटो काढ."

नव्या फोटोतला थेंब फिकट मधासारखा होता.

"अजून थोडा शिजव. कोऱ्या चहासारखा झाला की लगेच कस्टर्डच्या साच्यात ओत, थांबलीस तर पातेल्याच्या उष्णतेनेच जळेल."

दुपारी भाचीचा फोन आला. "मावशी, आचाऱ्याने कस्टर्डची वाटी चाटून पुसली! उद्यापासून कामावर ये म्हणाला."

"माणूस बरा दिसतोय. आता पातेल्यात पाणी घालून उकळ, नाहीतर घासता घासता हात मोडतील."