एकशे अठ्ठावीस ठोके

माझ्या तोंडाला सगळे घाबरायचे. लालबागजवळच्या एका छोट्या ट्रस्टच्या प्रसूतिगृहात मी एकतीस वर्षं सिस्टर होते. नवऱ्यांना दारातूनच हाकलायचे, सासवांना गप्प बसवायचे, कळा देताना रडणाऱ्या पोरींना "ओरडून काय बाळ लवकर येणारे का गं?" म्हणून दरडावायचे. लोक म्हणायचे, बाई फटकळ आहे पण हात सोन्याचा आहे. ते ऐकायला मला आवडायचं, खोटं कशाला सांगू?

मला सगळ्यात जास्त गर्व होता तो माझ्या कानाचा. पूर्वी आमच्याकडे लाकडी नळी होती. पोटावर टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजायचे. मग डॉपलर आलं. जेल लावून पोटावर फिरवलं की घोडा दौडल्यासारखा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येतो आणि बाजूला आकडाही दिसतो. शिकायला येणाऱ्या पोरींना मी पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचे. उजव्या हातात डॉपलर, डावा हात आईच्या मनगटावर. दोन वेगळे ताल लागले तर ठीक. एकच लागला तर तुम्ही बाळाचं नाही, आईचंच काळीज ऐकताय. पोटात आईची मोठी रक्तवाहिनी असते, मशीनला काय कळतंय कोणाचं रक्त ते.

ती पोरगी काळाचौकीच्या चाळीतली. पहिलटकरीण, चोवीस-पंचवीसची, बारीक चणीची. नवरा मॉलमध्ये सिक्युरिटीला, सासू मालवणकडची, तिखट जिभेची. पोरगी शिकलेली होती आणि आकड्यांच्या मागे लागलेली होती. सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके एकशे तीस होते, नवव्याला एकशे बहात्तर. तेव्हा तिला आनंद झाला, बाळ जोरात आहे म्हणून. मग चौदाव्याला एकशे छप्पन्न आले, विसाव्याला एकशे अठ्ठेचाळीस, अठ्ठाविसाव्याला एकशे बेचाळीस. एक दिवस केसपेपर माझ्यापुढे धरून रडकुंडीला आली.

"सिस्टर, कमी कमी होत चाललेत हो."

"अगं वेडे, तसंच असतं," मी म्हटलं. "सुरुवातीला काळीज तेवढं धावतं, नवव्या-दहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त. मग मेंदूचा लगाम बसायला लागतो, तसे ठोके उतरतात. आता एकशे दहा ते एकशे साठमध्ये असले की झालं. झोपलं की खाली, हललं की वर. सारखे एकाच आकड्यावर राहिले तरच आम्हाला काळजी."

सासू मागे उभी होती. ती म्हणाली, "एकशे चाळीसाच्या वर म्हणजे चेडू असता, म्हणतत." मी तिलाही झापलं. ठोक्यांवरून मुलगा-मुलगी कळत नाही, आणि इथे असलं काही बोलायचं नाही, कायदा आहे. सासूचं तोंड एवढंसं झालं. पोरगी तोंडावर हात ठेवून हसली. मलाही ती आवडायला लागली होती, पण त्याचबरोबर माझ्या मनात तिच्यावर एक शिक्का बसला होता. ही घाबरट आहे. काही नसताना पळत येते.

पस्तिसावा आठवडा चालू होता. गणपतीला आठ-दहा दिवस होते, आमच्या गल्लीत ढोलपथकाची तालीम सुरू असायची. सकाळी ओपीडीत रांग दारापर्यंत. डॉक्टर आत एका अडलेल्या बाळंतपणात होते. ती आली ती शाल पांघरून, सासू दारात थांबली. दोन दिवस ताप होता तिला.

"सिस्टर, कालपासून बाळ हलत नाहीये."

"हलत नाहीये की तुला कळत नाहीये?"

"नाही हो, खरंच. थंड पाणी प्यायले, डाव्या कुशीवर झोपले, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं."

मी तिला आडवं केलं. डॉपलर नेहमीच्या जागी लावलं, जिथे आधी पटकन मिळायचं. काही नाही. थोडं डावीकडे, काही नाही. खाली, वर. बाहेर ढोल, दारात बायकांचा कलकलाट. मग बेंबीच्या जवळ, जरा दाबून धरल्यावर, मिळालं. एकशे अठ्ठावीस. स्पष्ट, एकसारखे.

तिचं मनगट मी धरलं नाही. धरायला हवं होतं, आणि मला ते माहीत होतं. रांग होती, डोकं फिरलेलं होतं, आणि हिचं नेहमीचंच, असं मनात पक्कं होतं. आणखी एक गोष्ट मला त्या क्षणी सुचायला हवी होती. आईला ताप असला की बाळाचे ठोकेही चढतात, एकशे साठच्या पुढे जातात. तिला एकशे एक ताप होता आणि मला एकशे अठ्ठावीस मिळाले होते. एखाद्या शिकाऊ पोरीने असं केलं असतं तर मी तिची चामडी सोलली असती.

उलट मी आवाज मोठा केला. "ऐक! नीट ऐक. एकशे अठ्ठावीस. मशीन खोटं बोलतंय का? तू घाबरून घाबरून बाळाला घाबरवशील एक दिवस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली. दोन्ही हात जोडून म्हणाली, "सॉरी सिस्टर." हलत नाही म्हणणाऱ्या बाईला वीस मिनिटं पट्टा लावून ठोक्यांचा आलेख काढायचा असतो, डॉक्टरांना दाखवायचं असतं. मी पॅरासिटामॉल दिलं, तापाचं रक्त तपासायला लिहिलं, केसपेपरवर इंग्रजीत ठोके १२८, नियमित, असं लिहून खाली सही केली आणि तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती परत आली. ताप उतरला होता, पण पोटात दुखत होतं आणि बाळ अजून हलत नव्हतं. सासू आजही बरोबर होती. मी डॉपलर घेतलं. पुन्हा बेंबीजवळच मिळालं. आकडा एकशे चार. एका रात्रीत चोवीस ठोके उतरले, तापाबरोबर उतरले. तेव्हा माझा डावा हात तिच्या मनगटाकडे गेला. इकडे नाडी, तिकडे मशीन. एक ठोका मागे नाही, एक पुढे नाही.

काल मी तिला तिचंच काळीज ऐकवलं होतं आणि वर चार शब्द सुनावले होते.

डॉक्टरांनी सोनोग्राफी लावली. काळजाच्या जागी काहीच हलत नव्हतं. कवटीची हाडं एकमेकांवर चढली होती. डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. ते मला बाहेर बोलावून हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, हाडं अशी चढायला दोन-तीन दिवस लागतात. काल तुम्हाला ठोके मिळाले कसे?"

मी म्हटलं, "मिळाले."

ते काय समजायचं ते समजले. "मी हाडांचं रिपोर्टमध्ये लिहितो," एवढंच म्हणाले. लिहिलंही, इंग्रजीत, तीन ओळींत. घरच्यांना त्यांनी सांगितलं की बाळ आतल्या आत गेलं, कारण नक्की सांगता येत नाही, तापामुळे असू शकेल. कधी गेलं ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दुसरी बाळंतीण वाट बघत होती, ते तिकडे गेले.

कळा सुरू झालेल्याच होत्या, दुपारी चारला बाळंतपण झालं. मुलगा होता. मीच हातात घेतला. अंगावरची कातडी ठिकठिकाणी सुटली होती. एका रात्रीत एवढं होत नाही. शंभर वेळा पाहिलेलं असल्यावर त्यात शंकेला जागा नसते. मी त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि चेहरा तेवढा उघडा ठेवला.

बाहेर सासूच्या हातात कालचा केसपेपर होता. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडा येत होता, आणि काल मी मोठ्याने वाचून दाखवला होता तो तिने दारातून ऐकला होता. ती आत आली आणि खाटेपाशी उभी राहून बोलायला लागली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त वाईट.

"काल तर बरां होतां. सिस्टरान सोता ऐकल्यान. एकशे अठ्ठावीस. मगे रात्रीत काय केलंस गो तू? उताणी झोपलंस? मी सांगलंय होतंय ना, कूस सोडू नको म्हणान?"

पोरगी भिंतीकडे बघत होती. नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, आता नको." पण त्याने बायकोकडेही पाहिलं, आणि त्या पाहण्यात तोच प्रश्न होता. मी ते पाहिलं. तिनेही पाहिलं असणार.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. बाळ परवाच गेलं होतं, काल मी चुकले. त्या वाक्याने बाळ परत आलं नसतं. पण पोरगी सुटली असती. तिच्या मनातून ती रात्र गेली असती आणि सासूच्या तोंडातून तिचं नाव. माझं काय गेलं असतं? एक मेमो आला असता, चौकशी झाली असती, आणि सोन्याचा हात म्हणणारे थांबले असते. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. मी हिशेब केला, माणूस करतो तसा, आणि सासूला म्हणाले, "आजी, इथे गोंगाट नको. बाहेर बसा." तेवढंच. जिच्या तोंडाला अख्खं प्रसूतिगृह घाबरायचं तिच्या तोंडातून तेवढंच निघालं.

सासू गेली. मी पोरीचा रक्तदाब घ्यायला पट्टा बांधला. तेव्हा तिने माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुम्ही मला तो व्यवस्थित देऊन पाठवला होता. मला ऐकवलात पण. मीच सांभाळला नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

मी रक्तदाब लिहिला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"होतं असं कधी कधी," मी म्हटलं. "पुढच्या वेळी काळजी घे."

ती मान हलवून "हो" म्हणाली.