अंगठ्याखालचे दीड हजार

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे ‘शिस्त’ म्हणत, अर्थात पाठीमागे. सोसायटीचे चेअरमन झाल्यापासून त्यांचा आवाज चढला होता आणि मान ताठ झाली होती. दहा तारखेनंतर मेंटेनन्स भरणाऱ्याला शंभर रुपये दंड आणि थकबाकीदाराचं नाव लाल अक्षरांत फळ्यावर, हा नियम त्यांचाच. तळमजल्यावरच्या टेलरचं नाव तर तिथे जवळपास कायमचंच.

या महिन्यात त्यांनी खजिनदारीणबाईंच्या घरी जाऊन हातानं लिहिलेल्या वसुलीच्या कागदाचा फोटो काढला आणि मोबाईल सुनेपुढे धरला.

“कोणी किती भरले, कोणाचे किती बाकी, सुटसुटीत यादी कर. टेलरच्या नावापुढे मोठ्ठा भोपळा काढ.”

सून एकेक ओळ वाचू लागली. आठ घरं, प्रत्येकी दीड हजार. सहा जणांचे पूर्ण जमा.

“बाबा, टेलरनी हजार भरलेत. बाकी पाचशेच.”

“हं,” शिस्त नाराजीनं म्हणाले. “आणि आपले?”

“आपल्या रकमेवर तुमचा अंगठा आलाय. दिसत नाही.”

“मग भरले असंच धर! चेअरमनचे बाकी राहतील का?”

“पण खाली जमेची बेरीज दहा हजार लिहिलीय. सहा जणांचे नऊ, टेलरचे एक. झाले की दहा. आपले कुठे बसवू?”

“बेरीज चुकली असेल. बदल ती!”

“कागदावर आहे तेच लिहिणार मी. आपल्यापुढे ‘फोटोत दिसत नाही, मूळ कागद बघावा’ एवढंच.”

शिस्त तणतणत जिना उतरले. खजिनदारीणबाईंनी शांतपणे कागद पुढे केला. चेअरमनच्या घराची जमेची चौकट कोरी करकरीत होती.

“तुम्हीच म्हणालात ना, उद्या देतो?” बाईंनी आठवण करून दिली. “त्यानंतर दहा तारीखही उलटली.”

शिस्तांनी दीड हजार मोजून दिले. दंडाचं नाव ना बाईंनी काढलं, ना त्यांनी. घरी येऊन सुनेला म्हणाले, “लिही आता, जमा.”

“लिहिते. आजची तारीख घालून.”

“तारीख कशाला?”

“दंड तारखेवरूनच लागतो ना, बाबा?”

शिस्त रात्री धड जेवले नाहीत. रविवारच्या मीटिंगमध्ये मात्र घसा खाकरून उभे राहिले. थकबाकी ही प्रत्येकाची खासगी बाब आहे, चारचौघांत कोणाची अब्रू काढणं सुसंस्कृत माणसांना शोभत नाही, तेव्हा फळ्यावरची यादी आजपासून बंद.

टेलर उरलेले पाचशे आणि दंडाचे शंभर घेऊनच आला होता. नोटा खजिनदारीणबाईंच्या हातात ठेवत त्यानं विचारलं, “साहेब, गेल्या महिन्यापर्यंत माझी बाब सार्वजनिक होती का हो?”

खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं. शिस्तांनी पुढचा विषय पुकारला: पाण्याची टाकी.