वस्तादाचा हात आणि माझी पोटरी

"हात काढा! वस्ताद, त्या पायावरचा हात आधी काढा!"

डॉक्टरीणबाई केबिनच्या दारातून अशा ओरडल्या, की बाकावरच्या म्हाताऱ्याचा ताप औषधाविनाच उतरला असावा. वस्तादाचे तेलाने माखलेले दोन्ही हात हवेत तसेच राहिले. इस्लामपुरात त्या हातांना नाव ठेवायची कोणाची छाती नाही. तालमीतल्या निम्म्या पोरांचे खांदे त्यांनीच जागेवर बसवलेत. एका बैलाची मान त्यांनी अशी सरळ केली, की तो पुढे जन्मभर डावीकडे बघायचा विसरला.

माझी पोटरी त्यांच्याच मांडीवर होती. माझा मेहुणा फौजेत आहे, त्याला भेटून मी आसामहून परतलो होतो. अख्खा देश आडवा कापला, पण खिडकीची जागा सोडली नाही. उठलो तर कोणीतरी बसेल, म्हणून पाणीसुद्धा मोजकंच प्यायलो. घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी डावी पोटरी अचानक ठणकायला लागली. दुपारपर्यंत ती फुगून अशी टम्म झाली, की चप्पलसुद्धा त्या पायाला ओळखेना. उजवा पाय मात्र होता तसाच वाळका.

"नस चढलीय गड्या," वस्ताद म्हणाले होते. "दोन हात रगडला, की पळायला लागशील."

बायको मात्र म्हणाली, "आवं, एकच पाय सुजतोय, लाल दिसतोय, गरम लागतोय. आधी दवाखान्यात चला." म्हणून आम्ही दवाखान्यात आलो. नंबर यायला वेळ होता आणि वस्तादांना रिकामं बसवत नाही. त्यांनी खिशातून तेलाची बाटली काढली.

डॉक्टरीणबाईंनी टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चांगलीच जास्त भरली. प्रवास किती झाला, ते विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दम लागतो? छातीत दुखतंय? खोकल्यात रक्त?"

"न्हाई."

"बरं झालं. बसून बसून पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असावी. ती सुटली तर रक्ताबरोबर हृदयातून थेट फुप्फुसात जाते. रगडलं तर सुटायला मदतच. आत्ताच्या आत्ता सांगलीला जायचं, सोनोग्राफी करून शीर बघायची. मी फोन करते. वाटेत दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली, तर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. घरी जाऊन कपडे बदलत बसू नका."

मला आधी वस्तादांकडे बघवेना. त्यांचा चेहरा तेलासारखा पिवळा झाला होता.

"बाई," ते म्हणाले, "सकाळी ह्येच्या घरीबी म्या थोडं चोळलं हुतं."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे न बघता सांगलीला फोन लावला. ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

वस्तादांचीच गाडी होती. मी मागे पाय लांब करून आडवा, बायको उशाशी, वस्ताद स्टेअरिंगवर. आष्ट्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता असा अडवला होता, जणू अख्खा तालुका माझ्या अंत्ययात्रेला निघालाय. एरवी मी हे मोठ्याने बोललो असतो. तेव्हा मनातच ठेवलं.

मी खाकरलो. गाडी एकदम हळू झाली.

"काय रं? दम लागला?"

"धूळ गेली."

"खरं सांग."

"धूळच हाय, वस्ताद. गाडी चालवा."

पुढे मी श्वास मोजूनमापून घ्यायला लागलो. साधी जांभई आली तरी वाटे, आली गुठळी, निघाली वरातीला. बायकोने माझा हात धरला होता. तो घामाचा हात कोणाचा, तिचा की माझा, कळत नव्हतं. आरशात वस्तादांचे डोळे रस्त्यापेक्षा माझ्यावरच जास्त होते.

सांगलीच्या हॉस्पिटलात जेल लावून पायावरून यंत्र फिरवलं. डॉक्टरांनी शिरेवर दाबलं. निरोगी शीर दाबली की मिटते, ही मिटलीच नाही. गुडघ्याच्या वरपर्यंत गुठळी बसली होती. नाडी आणि ऑक्सिजन ठीक होतं, म्हणजे फुप्फुसाकडे अजून काही गेलेलं दिसत नव्हतं. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन पोटावर दिलं आणि पुढे काही महिने गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, "वेळेवर आलात. आठवडाभर चोळत बसला असतात, तर चित्र वेगळं असतं."

बाहेर येऊन मी वस्तादांना सांगितलं. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि बराच वेळ मान खाली घालून उभे राहिले. तालमीत हरलेल्या पोरालासुद्धा मी असं उभं राहिलेलं पाहिलेलं नाही.

गोळ्या चालू झाल्या, सूज उतरली, आणि मी हळूहळू पुन्हा गप्पांवर आलो. महिनाभराने तालमीत गेलो. तिथे गोष्ट रंगवताना मी माझ्या गुठळीचा नारळ केला, आसामच्या गाडीचा डबा तर दुप्पट लांब केला. पोरं हसली. वस्ताद कोपऱ्यात तेल गरम करत होते.

मी म्हणालो, "वस्ताद, उजवा पाय तरी रगडा. त्याचा काय गुन्हा?"

वस्तादांनी वरही न बघता सांगितलं, "बाईला इचारून ये."