लिमिट धरण्याआधी

साताऱ्यात कॉलेजात मी गणित शिकवते आणि माझी जीभ जरा तिखट आहे. शेवटच्या वर्षाला लष्करातून निवृत्त झालेले एक विद्यार्थी होते, वयानं माझ्याहून मोठे. सकाळी वर्ग, मग शिरवळच्या कारखान्यात गेटवर ड्युटी. त्यांना शाळेत मास्तर व्हायचं होतं. आमचा विषय आधी एकदा राहिला होता. यंदाही राहिला तर कॉलेज सोडायचं, असं घरी ठरलेलं.

चाचणीत मी एक क्रमिका दिली होती: पहिलं पद १, पुढचं पद आधीच्याच्या दुपटीहून एकानं जास्त. त्यांनी लिमिट L धरली, L = 2L + 1 लिहिलं आणि उत्तर काढलं, उणे एक. पदं १, ३, ७, १५ अशी उधळलेली आणि म्हणे ती उणे एकावर जाऊन थांबतात! मी शून्य दिलं आणि वर्गात चार शब्दही सुनावले.

तास संपल्यावर ते टेबलापाशी आले. "आवं मॅडम, वर्गमुळाच्या गणितात हीच रीत केली तवा पुरे मार्क दिले. आता काय बिघडलं?"

माझा राग तिथंच उतरला. पोरं पाठ करतात. यांना कारण हवं होतं.

मी फळ्यावर आडवी रेघ ओढली. "वर्गमुळाच्या गणितात पदं वाढतच जातात, पण या रेघेच्या वर जात नाहीत. अशा सगळ्या रेघांत सर्वांत खालची एक असतेच, तिला L म्हणा. तिच्याहून जराशी खाली दुसरी रेघ ओढा. तिला एखादं पद ओलांडणारच, नाहीतर L सर्वांत खालची कशी? आणि त्यापुढची पदं खाली येत नाहीत, म्हणून सगळी या दोन रेघांतच. पट्टा कितीही अरुंद घ्या."

"मागं फिरायचं न्हाई, वर जागा न्हाई. मग जाईल कुटं?" ते हसले. "आन् माझ्या गणितात वर रेघच नव्हती."

तोंडी परीक्षेला सांगलीहून परीक्षक आले. त्यांनी विचारलं, "पहिलं पद तीन, पुढचं पद म्हणजे आधीच्यात दोन मिळवून वर्गमूळ. लिमिट?" वर्गात आम्ही हे एकापासून केलेलं, तिथं पदं वाढतात. तीनापासून कधीच केलं नव्हतं.

आमच्या फौजींनी कागदावर √5 लिहिलं. "ही खाली येतीय, सर." मग दाखवलं: पद दोन किंवा जास्त असेल तर पुढचंही दोनाखाली जात नाही, आणि पुढच्या पदाच्या वर्गातून या पदाचा वर्ग वजा केला तर (2 − a)(1 + a), तो शून्याहून मोठा होत नाही, म्हणजे पदं वाढत नाहीत आणि खाली दोनाची रेघ आहेच.

"L धरून एका ओळीत आलं असतं की," परीक्षक म्हणाले.

"पोचतीय हे ठरल्याबिगर L धरायचा न्हाई, सर. आता धरतो." L² = L + 2. दोन किंवा उणे एक. उणे एक त्यांनी खोडलं, कारण सगळी पदं दोनाच्या वर.

परीक्षकांनी मान डोलावली. यांना मास्तर व्हायचंय, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. "शाळेतल्या पोरांनाही असंच शिकवाल ना?"

ते ताडकन उठून उभे राहिले. "व्हय सर. आधी रेघ, मग L." मी गुणांचा तक्ता परीक्षकांपुढे सरकवला.